येळवशीची पोस्ट: कुठे जोडायचं, कुठे तोडायचं

प्रश्न: लातूरकडच्या एका कृषी सेवा केंद्राच्या येळवशीच्या पोस्टचा मजकूर माझ्याकडे तपासायला आलाय. ‘वेळअमावस्या च्या सर्व शेतकरीबांधवांना हार्दिक शुभेच्छा! काळ्याआई च्या कुशीत, कुटूंबा सोबत साजरा करा हा सण!’ खाली #वेळ अमावस्या आणि #शेतकऱ्यांचासण. ‘शेतकरीबांधव’ जोडून की तोडून? आणि वेळ अमावस्येला बोलीतलं ‘येळवस’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर: ‘शेतकरीबांधव’कडे नंतर वळू. आधी ‘च्या’ आणि ‘सोबत’ यांच्या मागची मोकळी जागा काढा. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला चिकटूनच येतात. आणि जोडलं की दुसरी चूक आपोआप उघडी पडते. ‘अमावस्या च्या’ तोडून लिहिलं की डोळ्यांना खटकत नाही; ‘अमावस्याच्या’ असं जोडून मोठ्याने वाचा, लगेच अडखळायला होतं, कारण आपण बोलताना ‘अमावस्येच्या’ म्हणतो. तुटक लिहिण्यामुळे सामान्यरूप करायचं राहून जातं, म्हणून मी कुठलाही मजकूर तपासताना सुरुवात इथूनच करते.

‘काळ्याआई च्या’मध्ये नेमकं उलटं झालंय. ‘काळ्या’ हे विशेषण, ते सुटं हवं. ‘च्या’ प्रत्यय, तो जोडून हवा. म्हणजे ‘काळ्या आईच्या’. ‘कुटूंब’मधला टू ह्रस्व करा. अनुस्वार असलेल्या अक्षरातला इकार-उकार मराठीत सहसा ह्रस्वच असतो: भिंत, चिंच, तुरुंग, कुटुंब.

आता ‘शेतकरी बांधव’. ‘शेतकऱ्या बांधवांना’ असं कुणी म्हणत नाही, पहिला शब्द बदलत नाही, त्यामुळे तो समास मानून जोडणारे चूक नाहीत. पण छापील मराठीत तो सुटाच रुळलाय आणि वाचायलाही सुटाच सोपा जातो. मी सुटा ठेवीन. खरं तर मी ‘बांधव’ काढूनच टाकीन. येळवशीची भज्जी, उंडे, आंबील यासाठी घरातल्या बाया रात्रीपासून राबतात, डोक्यावर घेऊन त्याच शेतात जातात, आणि शुभेच्छा मात्र फक्त बांधवांना? ‘शेतकरी कुटुंबांना’ म्हटलं की जोडण्या-तोडण्याचा वादही उरत नाही.

सूर मला दुसऱ्या वाक्यात खटकतो. ‘साजरा करा हा सण’ ही क्रियापद पुढे ओढलेली रचना जाहिरातीची आहे. शिवाय ‘काळ्या आईच्या कुशीत’ इतकं वापरून झालंय की त्यातून शेत दिसत नाही. आपल्याकडे येळवशीला लोक एकमेकांना बोलावतात: ‘येळवशीला शेतात या.’ दुकानदाराचे गिऱ्हाईकही ओळखीचेच असतात, तेव्हा तोच बोलवण्याचा सूर शोभतो.

‘येळवस’ जरूर लिहा. पोस्ट लातूर-धाराशिवकडच्या लोकांसाठी असेल तर तोच शब्द आधी यावा. रूपं येळवशीला, येळवशीच्या अशी होतात. मात्र एवढ्यावर थांबा. सगळं वाक्य ‘समद्या शेतकऱ्यान्ला’ असं बोलीत ओढलं तर वाचणाऱ्याला आपली नक्कल केल्यासारखं वाटतं.

हॅशटॅगचा हिशोब वेगळा. मोकळी जागा आली की टॅग तिथेच संपतो, म्हणजे तुमचा टॅग नुसता #वेळ झाला. संयोगचिन्हानेही तो तुटतो, खालच्या रेघेने तुटत नाही. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नसल्याने लांब टॅगमध्ये शब्द कुठे संपला ते कळत नाही, म्हणून #वेळ_अमावस्या बरा. टॅगमधली जोडणी ही सोय आहे, शुद्धलेखन नाही. ती वरच्या वाक्यात उतरते आणि ‘वेळअमावस्या’ तयार होतो.

#शेतकऱ्यांचासण मध्ये आणखी एक अडचण दडलीय. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, पण यंत्राच्या लेखी अक्षरं वेगळी, त्यामुळे एकच टॅग दोन टॅगांत विभागला जाऊ शकतो. ‘शेतकर्यांचा’ असा रफार आला तर ती चूक डोळ्यांनाच दिसते. ही दिसत नाही. म्हणून टॅग एकदा नीट टाइप करून सगळ्या पोस्टना तोच चिकटवा. किंवा सरळ #येळवस घ्या, त्यात जोडाक्षरच नाही.

माझ्या हातून मजकूर असा जाईल:

‘सर्व शेतकरी कुटुंबांना येळवशीच्या हार्दिक शुभेच्छा! भज्जी, उंडे, आंबील तयार आहे. घरच्या सगळ्यांना घेऊन शेतात या. #येळवस #वेळ_अमावस्या’

‘तयार आहे’ म्हणण्याआधी दुकानदाराला विचारून घ्या, कारण लोक खरंच येतील. आणि चित्रावरचा मजकूर वेगळा वाचा. पोस्टर करणारा तो बऱ्याचदा नव्याने टाइप करतो, आणि खाली दुरुस्त केलेलं ‘कुटूंब’ वर चित्रात तसंच राहतं.