'तू पिवळा आहेस' म्हणजे नेमकं काय?

*'परवा एका इंग्रजी काउबॉयपटाखाली मराठी ओळ आली, "तू पिवळा आहेस." घरात सगळे हसले. धाकटा म्हणाला, ह्येला कावीळ झालीय व्हय? पिवळा म्हणजे भित्रा कसा? आणि मराठीत भित्र्याचा रंग कुठला?' – एक वाचक, कोल्हापूर*

धाकट्याचं बरोबर आहे. आपल्याकडे माणूस 'पिवळा पडला' की आजारी. 'का रं, पिवळा पडलायस?' असं विचारणारा पुढं डॉक्टरचं नाव सुचवतो, भित्रा म्हणून हिणवत नाही.

इंग्रजीतला हा अर्थ तसा जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, 1856 च्या सुमारास, तो अमेरिकेत छापलेला दिसतो. 'पिवळ्या पोटाचा' हा शब्द त्याच्याही आधीचा, पण तेव्हा तो भित्र्याला लावत नसत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या लोकांचं टोपणनाव होतं. भित्रेपणाशी पिवळा कसा जोडला गेला, यावर कोशकारांचं एकमत नाही. 'पित्त पिवळं, म्हणून पिवळा भित्रा' अशी व्युत्पत्ती कुणी सांगितली तर मानू नका. युरोपच्या जुन्या वैद्यकात पिवळं पित्त वाढलेला माणूस तापट समजला जाई. आपलाही पित्तप्रकृतीचा माणूस रागीटच असतो. म्हणजे ती व्युत्पत्ती उलट्याच दिशेला जाते.

इंग्रजीत भित्र्याचा त्याहून जुना रंग पांढरा. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये घाबरलेल्या नोकराला 'लिलीच्या फुलासारख्या पांढऱ्या काळजाचा' अशा अर्थाची शिवी आहे. काळजात रक्तच नाही, तर धीर कुठून येणार? झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरं पीस दिसलं तर तो अस्सल जातीचा नाही, तो पळणार, असा समज होता. त्यावरूनच 1914 मध्ये, महायुद्ध सुरू झाल्यावर, इंग्लंडमध्ये साध्या कपड्यांत फिरणाऱ्या तरुणांना बायका पांढरं पीस देऊ लागल्या.

आपणही भीतीनं पांढरेफटक पडतो. पण ते त्या क्षणाचं वर्णन झालं, स्वभावावरची शिवी नव्हे. पांढऱ्याची आपली शिवी वेगळीच आहे, 'पांढऱ्या पायाची'. म्हणजे अपशकुनी. ती बहुधा घरात नव्या आलेल्या सुनेलाच लागते, हे आपलं दुर्दैव.

मराठीत पिवळ्याची शिवी नाही असं मात्र नाही. 'अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालाय' हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. लग्नात नवऱ्याला हळद लागते, तो पिवळा होतो आणि त्या दिवसापुरता मिरवतो. सगळं अंग माखायचं तर हळकुंडं बरीच कुटावी लागतात. इथं अर्धंच उगाळलंय, तरी गडी नवरदेवाच्या तोऱ्यात! म्हणजे आपला पिवळा भित्रा नाही, उतावळा आणि फुशारलेला आहे. इंग्रजीतल्या पिवळ्यामागं काय आहे हे धूसर आहे. आपल्या पिवळ्यामागं स्वच्छ हळद आहे. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं न्हालेल्या माणसाला 'पिवळा आहेस' म्हणून बघा, तो हात जोडेल.

म्हणून त्या ओळीत रंग ठेवायचाच नव्हता. 'शेळपट', 'पळपुटा', नाहीतर सरळ 'पुळचट' लिहायचं. पिस्तूल रोखलेल्या माणसाच्या तोंडी मला 'पुळचट' आवडेल. 'भित्री भागूबाई' नको, ती शाळेच्या मैदानावरची.

उलट बाजूनं चूक होते ती 'हिरवट'ची. पिवळट, पांढरट, हिरवट हे तिन्ही शब्द एकाच साच्यातले, रंगाची नुसती छटा सांगणारे. पण माणसाच्या स्वभावाला लागला तो मुख्यतः हिरवट. खवट, कुचकट, तिरसट यांच्या पंगतीत तो कानाला चपखल बसतो, हेही एक कारण असावं असं मला वाटतं. मूळ मात्र बहुधा देठात असावं. पान पिकलं तरी देठ हिरवा, म्हणजे आत अजून रस आहे. म्हणून हिरवट म्हातारा. हा शब्द जशाच्या तसा इंग्रजीत नेलात, तर तिथं हिरवा म्हणजे कोवळा, अननुभवी; तुमचा चावट म्हातारा एकदम नवशिका उमेदवार होऊन बसेल. स्पॅनिशमध्ये न्या, काही बदलावं लागणार नाही. त्यांच्याकडेही चावट म्हाताऱ्याला 'बिएहो बेर्दे' म्हणतात, शब्दशः हिरवा म्हातारा. चावट विनोदही त्यांचा हिरवाच असतो.