फेज मार्जिनवरून ओव्हरशूट कसा काय कळतो?

प्रश्न: शेवटच्या वर्षाला आहे. सरांना पाठवायला हे पत्र लिहिलंय, त्याआधी इथे विचारतो: "सर, फेज मार्जिन आपण ओपन लूपवर, अखंड चालणाऱ्या साइन लहरीवरून काढतो. ओव्हरशूट दिसतो तो क्लोज्ड लूपमध्ये, स्टेप दिल्यावर, सुरुवातीच्या काही क्षणांत. मग पहिल्यावरून दुसरा कसा सांगता येतो? पुस्तकात ζ ≈ PM/100 एवढं लिहून विषय संपवलाय."

उत्तर:

या दोन गोष्टींमधला दुवा म्हणजे विरत जाणारी साइन लहर. बोडे प्लॉटमध्ये ती दिसत नाही, कारण तिथे आपण फक्त न विरणाऱ्या लहरी तपासतो. पुस्तकं बहुधा इथेच घाई करतात.

आधी फेज मार्जिन शून्य आहे असं धरा. क्रॉसओव्हरच्या फ्रीक्वेन्सीला लूपचा गेन 1 आणि फेज −180°. लहर लूपमधून फिरून येते ती तेवढ्याच उंचीची, पण उलटी. बेरजेच्या ठिकाणचं उणे चिन्ह तिला पुन्हा सुलटी करतं. गेली तशीच ती परत आली, त्यामुळे बाहेरून काहीही न देता लूप डोलत राहतो.

आता समजा फेज मार्जिन 28° आहे. फिरून आलेल्या लहरीची उंची तेवढीच, पण ती 180° ऐवजी 152° च मागे पडली आहे. ही लहर स्वतःला टिकवू शकत नाही. मग क्लोज्ड लूप आपणहून कोणती लहर चालवू शकतो? जिच्यासाठी L(s) = −1 होतं ती. क्लोज्ड लूपचा पोल म्हणतात तो हाच. आपल्याला 28° चा उशीर कमी पडतोय आणि तो लहरीच्या विरण्यातून मिळतो.

तो कसा, हे एका इंटिग्रेटरवर पाहा. न विरणारी साइन लहर दिली की इंटिग्रेटर तिला बरोबर 90° मागे पाडतो. विरत जाणारी दिली, तर 90° हून जास्त. गणितात हे सरळ दिसतं: इंटिग्रेटर म्हणजे 1/s. विरणाऱ्या लहरीचा s उभ्या अक्षावरून डावीकडे θ ने कललेला असतो, म्हणून त्याचा कोन 90° + θ होतो आणि तेवढाच उशीर इंटिग्रेटर लावतो. फेज मार्जिन जितका मोठा, तितकी तूट मोठी, आणि ती भरायला लहर तितक्या झपाट्याने विरावी लागते. स्टेप दिल्यावर लूपमध्ये जागी होते ती हीच लहर.

एक उदाहरण आकड्यांनिशी करू. L(s) = 4/(s(s+1)) घ्या. क्रॉसओव्हर 1.88 rad/s ला येतो. तिथे s मुळे 90° आणि s+1 मुळे 62°, मिळून 152°. फेज मार्जिन 28°. क्लोज्ड लूपचं समीकरण s² + s + 4 = 0, आणि त्याचे पोल −0.5 ± j1.94. आता हाच पोल ओपन लूपमध्ये घालून कोन मोजा. s चा कोन 104.5° येतो, s+1 चा 75.5°. बेरीज बरोबर 180°. म्हणजे कमी पडणाऱ्या 28° पैकी 14.5° पहिल्या घटकाने दिले, 13.5° दुसऱ्याने. परीक्षेत कुणी विचारत नाही, पण कागदावर एकदा स्वतः करून पाहाच.

इथून ओव्हरशूट दोन ओळींवर आहे. स्टेप दिली त्या क्षणी चूक 1 असते. अर्धं आवर्तन झालं की ती शून्य ओलांडून दुसऱ्या बाजूच्या टोकाला पोचते. त्याला π/1.94 म्हणजे 1.62 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात लहर e^(−0.5×1.62) = 0.44 पटीवर येते. ओव्हरशूट 44%.

PM/100 सुद्धा यातूनच निघतं. मार्जिन लहान असतो तेव्हा क्रॉसओव्हरच्या आसपास लूप साधारण दोन इंटिग्रेटरसारखा वागतो आणि तूट दोघांत निम्मी निम्मी वाटली जाते. म्हणून θ = PM/2 आणि ζ = sin(PM/2). लहान कोनांसाठी हे PM/115 च्या जवळ जातं. आपल्या उदाहरणात ζ = 0.25, म्हणजे भागाकार 112 चा. गेन 4 ऐवजी 1 घेतला तर मार्जिन 52° आणि ζ = 0.5, म्हणजे 104 चा. 100 हा केवळ लक्षात ठेवायला सोपा आकडा आहे.

आता हे कुठे फसतं ते. वर मी गृहीत धरलं की स्टेपमुळे फक्त ती विरणारी लहरच उठते आणि ओव्हरशूट तिचाच असतो. लूपमध्ये झिरो असला की हे खरं राहत नाही. मी मोटर ड्राइव्ह ट्यून करतो, त्यामुळे हे प्रकरण नेहमी समोर येतं: वेगाच्या लूपमध्ये PI कंट्रोलर आणि पुढे मोटरचं इनर्शिया. सोपे आकडे घेतले तर L(s) = (2s+1)/s². फेज मार्जिन 76°. नियमाप्रमाणे ओव्हरशूट 2-3 टक्के यायला हवा. दोन्ही पोल −1 वर आहेत, ζ = 1, डोलण्याचा प्रश्नच नाही. तरीही ओव्हरशूट 13.5% येतो.

स्टेपनंतर चूक e(t) = (1−t)e^(−t) अशी बदलते. t = 1 ला ती शून्य ओलांडते आणि t = 2 ला दुसऱ्या बाजूने 0.135 पर्यंत जाते. याला कारणही आहे. लूपमध्ये दोन इंटिग्रेटर असले की स्टेपनंतर e(t) च्या आलेखाखालचं एकूण क्षेत्रफळ शून्य यावंच लागतं. सुरुवातीला वेग कमी पडला तेवढी भरपाई नंतर वेग जास्त होऊन झालीच पाहिजे. मार्जिन कितीही वाढवा, यातून सुटका नाही.

पायथनची control लायब्ररी असेल तर दोन्ही पडताळून पाहा:

```python
import control as ct
s = ct.tf('s')
for L in (4/(s*(s+1)), (2*s+1)/s**2):
    print(ct.margin(L)[1],
          ct.step_info(ct.feedback(L, 1))['Overshoot'])
```

प्रत्यक्ष कामात हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ग्राफ सेट पॉइंटच्या वर-खाली डोलत असेल तर तो फेज मार्जिनचा ओव्हरशूट. एकदाच वर जाऊन, पुन्हा खाली न जाता सावकाश जागेवर येत असेल, तर तो झिरोचा. दुसऱ्या प्रकारात लोक गेन कमी करत बसतात. वरच्या लूपमध्ये Kp आणि Ki दोन्ही निम्मे केले तर मार्जिन 76° वरून 65.5° वर येतो आणि ओव्हरशूट वाढून 21% होतो. त्याऐवजी सेट पॉइंटच्या वाटेवर 1/(2s+1) हा फिल्टर बसवा. क्लोज्ड लूपमधला झिरो खोडला जातो, उरतं 1/(s+1)², आणि ओव्हरशूट शून्य. फेज मार्जिन तोच 76° राहतो, कारण फिल्टर लूपच्या बाहेर आहे. त्याच कारणाने, मोटरवर अचानक लोड आला तर वेग किती खाली जाईल यात या फिल्टरने काहीही फरक पडत नाही.