लोगो कुणाच्या मोबाईलवर निघाला ते नका सांगू, बिलं दाखवा

प्रश्न: एआयकडून बनवून घेतलेला लोगो माझ्या मालकीचा होतो का? धंद्यात वापरण्याआधी किंवा रजिस्टर करण्याआधी काय तपासायचं?

सांगलीत आमची हळद पावडरीची पॅकिंग फर्म आहे. सुरुवातीला माझ्या भागीदाराने एआयवर लोगो काढला: पिवळ्या वर्तुळात हळकुंड, खाली दोन पानं. पाकिटं छापली, माल कोल्हापूर-सोलापूरपर्यंत जाऊ लागला. मग तो वेगळा झाला आणि म्हणाला, "लोगो माझ्या अकाउंटवर बनलाय, त्या लोगोची पाकिटं बंद करा."

त्याच्याकडे एक मुद्दा होता, नाही म्हणत नाही. कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून तरतूद आहे: संगणकाने तयार झालेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारा माणूस. पण तो हक्क चित्राचा. बाजारातली खूण हा वेगळा हक्क, आणि तो वापरातून उभा राहतो. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण देतं, समोरच्याचं रजिस्ट्रेशन नंतर झालं तरीही. आमच्याकडे छपाईवाल्याचं पहिलं बिल होतं, दुकानदारांच्या जीएसटी पावत्या होत्या, सगळं फर्मच्या नावावर. त्याच्याकडे फक्त स्क्रीनशॉट.

वकिलांनी तरी चित्राचा हक्कही लिहून घ्यायला लावला, आणि बरं केलं. हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आमच्या पहिल्या मसुद्यात मुदतच नव्हती! म्हणून सांगतो, लोगो पुतण्याने काढून दिलेला असो की मित्राने, कागद आधी करा. "घरचाच आहे" हे ऐकून माझे कान किटलेत.

रजिस्टर करण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोध घ्या. नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चाराने सारखी नावंही बघा. चित्रासाठी व्हिएन्ना कोड असतो, त्याने सारख्या आकृत्या सापडतात. अर्जात मालाचा वर्ग द्यावा लागतो, हळद-मसाल्याला वर्ग ३०. एआय हळद म्हटलं की सगळ्यांना तेच हळकुंड, तीच पानं देतं, त्यामुळे सारखेपणा सापडण्याची शक्यता जास्त. नावाचा शब्द म्हणून वेगळा अर्ज करा. लहान उद्योग म्हणून ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये असतं, एका वर्गाचं. चित्र बदललं तरी नाव टिकतं.

आणखी एक, पाकिटावर "सांगली हळद" लिहिणार असाल तर तिला भौगोलिक मानांकन आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी बघून घ्या.

हो, आणि ज्या अॅपवर लोगो बनवला त्याच्या अटी वाचा. काही अॅप फुकटच्या प्लॅनवर धंद्यासाठी वापर देत नाहीत, आणि तयार टेम्प्लेटमधली चित्रं इतरांनाही दिलेली असतात, ती ट्रेडमार्क करायला मनाई असू शकते. वरची १९९४ ची तरतूद आजच्या एआयच्या चित्रांना जशीच्या तशी लावायची का, यावर वाद आहे, त्यामुळे निव्वळ कॉपीराइटच्या भरवशावर राहू नका. त्या भागीदाराला मी तेव्हाही हेच म्हणत होतो.