गावी परतावं का? त्या एका प्रश्नासाठी पाच पत्ते

“ताई, टॅरोच्या पत्त्यांचा सेल्टिक क्रॉस दोनदा मांडला. दहा पत्ते समोर असतात, पण गावी परत जावं की नाही ते काही उमगत नाही. नुसत्या या प्रश्नासाठी स्वतःचा स्प्रेड, म्हणजे पत्त्यांची मांडणी, कशी तयार करायची?”

हे विचारणारे गृहस्थ पुण्यात नोकरी करतात. आई एकटी चिपळूणजवळच्या घरी असते. मी त्यांना पत्ते बाजूला ठेवायला सांगितले आणि कागद दिला. प्रत्येक पत्त्याची जागा आणि तिचा प्रश्न आधी लिहून काढायचा, पिसणं नंतर. पत्ते दिसल्यावर जागा ठरवल्या तर हवा तोच अर्थ त्यांत बसवला जातो.

त्यांनी नऊ जागा लिहिल्या. मग आम्ही प्रत्येक जागेवर मनातल्या मनात टॉवर, म्हणजे कोसळत्या बुरुजाचा पत्ता, ठेवून पाहिला, नंतर सुखी कुटुंबाचा टेन ऑफ कप्स. ‘गावी सुखी होईन का?’ या जागेवर टॉवर आला की माणूस घाबरतो आणि टेन ऑफ कप्स आला की हुरळतो, हाती मात्र काहीच लागत नाही. ती जागा खोडली. ‘भावाच्या मनात काय आहे?’ हीसुद्धा खोडली; ते भावालाच विचारायला हवं. दोन जागा एकच गोष्ट विचारत होत्या, त्यांची एक केली. अशा करत पाच उरल्या.

खाली मधोमध: गाव म्हटलं की मला काय आठवतं? त्यावर: पुण्यात मला काय धरून ठेवतं? डावीकडे: गेलो तर रोज काय उचलावं लागेल? उजवीकडे: राहिलो तर काय सुटेल? सगळ्यांत वर: ठरवण्याआधी काय तपासून पाहू? डावी-उजवी जागा मुद्दाम समोरासमोर ठेवल्या, म्हणजे दोन्हींची किंमत एका नजरेत दिसते.

खाली सिक्स ऑफ कप्स आला. रायडर-वेट संचात त्यावर जुन्या अंगणात एक मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय. ते लगेच म्हणाले, “ही मे महिन्याची सुट्टी.” डावीकडे टेन ऑफ वँड्स: दहा काठ्यांच्या ओझ्याखाली वाकलेला माणूस, समोरचं घरही त्याला दिसत नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग आईची औषधं, गळकं छप्पर, नारळाची बाग, एकेक बाहेर आलं. हे सेल्टिक क्रॉसमध्ये निघालं नव्हतं, कारण तिथे ‘रोज’ असं विचारणारी जागाच नाही.

वरच्या जागेवर टू ऑफ पेंटॅकल्स होता: दोन नाणी झेलणारा तरुण, मागे उसळत्या लाटांवर जहाजं. मी त्याचा अर्थ ‘जा’ किंवा ‘राहा’ असा लावला नाही. जागेने विचारलं होतं, काय तपासू? दोन्हीकडचं एकदम झेपतंय का, ते तपासायचं. आईचा खर्च आणि घराचे हप्ते पत्त्यांतून कळणार नाहीत, त्यासाठी वही घ्या, हेही सांगितलं.

मेऐवजी ते ऐन आषाढात तीन आठवडे जाऊन आले, घरून काम करत. काल फोन आला: वीज चार वेळा गेली, छपराचा अंदाज घेतला, आणि आईला पुण्यात यायचंय का, हे पहिल्यांदाच विचारलं.