दोन दोरांचे परिणामी बल: ६०८ की ३६०?

हर्णैच्या पुळणीवर होडी ४०० आणि ३०० न्यूटन बलांनी, ६०° कोनातल्या दोन दोरांनी ओढली. समांतरभुज चौकोनाने ६०८ न्यूटन येते, पण टोकाला शेपूट जोडून ३६० च का येते?

तुमचा चौकोन बरोबर आहे. चूक त्रिकोणातल्या कोनात आहे. १ सेंमी = ५० न्यूटन धरून ८ सेंमीचा बाण काढल्यावर, त्याच्या टोकाशी ६०° कोन मागे वळणाऱ्या बाजूने मोजला, तर दुसरा बाण दोराच्या दिशेला समांतर राहत नाही आणि जोडरेषा ७.२ सेंमी, म्हणजे ३६० न्यूटन भरते. (गंमत म्हणजे ही तुमच्याच चौकोनाच्या दुसऱ्या कर्णाची लांबी आहे.) त्याऐवजी पहिला बाण तुटक रेषेने पुढे वाढवावा, त्या वाढीव रेषेपासून ६०° मोजून ६ सेंमीचा बाण काढावा आणि पहिल्याच्या शेपटापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेषा जोडावी, ती सुमारे १२.२ सेंमी येईल. त्रिकोणाच्या आतला कोन आता १२०° असतो.

पडताळा असा:

R² = P² + Q² + 2PQ cos θ
R² = 400² + 300² + 2 × 400 × 300 × 0.5 = 370000
R ≈ 608 N

दिशेसाठी tan α = 300 sin 60° / (400 + 300 cos 60°) ≈ 0.472, म्हणून परिणामी बल ४०० न्यूटनच्या दोरापासून सुमारे २५° वर असते. कोनमापकाने अर्ध्या-एका अंशाचा फरक पडला, तर तो रेखाटनाचा समजावा.