मॅलोनिक ईस्टरच्या फ्लास्कमधून आलेले प्रश्न

ब्युटाइल ब्रोमाइड वापरून हेक्झॅनोइक आम्ल करायचं आहे. सोडियम इथॉक्साइडऐवजी कॉस्टिक सोडा का चालत नाही? तो तर बाटलीत तयारच असतो.

कारण कॉस्टिक सोडा प्रोटॉन काढून थांबत नाही, ईस्टरही फोडतो. मग ॲल्किलेशन होण्याआधीच हाती मॅलोनिक आम्लाचं मीठ येतं. इथॉक्साइडने कार्बोनिल कार्बनवर हल्ला केला तरी इथॉक्सीच्या जागी इथॉक्सीच येते, म्हणजे काहीच बदलत नाही. मेथॉक्साइड घेतलंत तर मिथाइल-एथिल मिश्र ईस्टरांची खिचडी होईल. पाणी आत शिरलं तरी इथॉक्साइडपासून हायड्रॉक्साइड बनतंच, म्हणून अल्कोहोल ॲबसोल्यूटच हवं.

0.1 मोलचा हिशेब असा: 50 मिलि अल्कोहोलमध्ये 2.3 ग्रॅम सोडियम तुकड्या-तुकड्याने विरघळवा. हायड्रोजन सुटतो, तेव्हा जवळ ज्योत नको. मग डायएथिल मॅलोनेट 16 ग्रॅमहून किंचित जास्त घाला आणि शेवटी 13.7 ग्रॅम ब्युटाइल ब्रोमाइड थेंबाथेंबाने. रिफ्लक्स करताना सोडियम ब्रोमाइडचा पांढरा साका बसतो आणि फ्लास्क आचके देऊ लागतो, म्हणून ढवळणं थांबवू नका. ओल्या लाल लिटमसचा रंग बदलेनासा झाला की आम्लारी संपला, म्हणजे हा टप्पा झाला. साधारण दोन तास धरा.

एकच ब्युटाइल गट हवा होता, पण गॅस क्रोमॅटोग्राफीत तीन पीक दिसतात. कुठे चुकलं?

चुकलं असं नाही, थोडंफार हे होणारच. एक ब्युटाइल लागल्यावरही मधल्या कार्बनवर एक हायड्रोजन उरतो. तो पहिल्याइतका आम्लधर्मी नसला तरी जवळचाच, त्यामुळे मूळ ॲनायन आणि ॲल्किल ईस्टर यांच्यात प्रोटॉनची देवघेव चालू राहते आणि काही रेणूंना दुसरा ब्युटाइल चिकटतो. उपाय एकच: मॅलोनेट किंचित जास्त ठेवायचं, ब्रोमाइड कधीच जास्त नाही. उरलेलं मॅलोनेट 199 अंशांना उकळतं, तुमचा ब्युटाइल मॅलोनेट 235 ते 240च्या आसपास, डायब्युटाइल त्याच्याही वर. कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन केलंत तर नीट वेगळे होतात. हे ऊर्ध्वपातन मात्र हायड्रॉलिसिसच्या आधी करा. नंतर आम्लांचं मिश्रण वेगळं करत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

हायड्रॉलिसिस करून आम्ल घातलं आणि तापवलं. शेवटी बकरीसारखा वास यायला हवा होता, येतोय अननसासारखा!

तुमचं नाक बरोबर सांगतंय: तो एथिल हेक्झॅनोएट असणार. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ईस्टर फोडल्यावर सुटलेलं अल्कोहोल तुम्ही उडवून टाकलं नाही. वरून सल्फ्युरिक आम्ल पडलं आणि बनलेल्या आम्लाचा पुन्हा ईस्टर झाला. तेलाचा थर नाहीसा होऊन द्रावण एकजीव झालं की आधी अल्कोहोल पूर्ण काढा, मगच आम्ल घाला.

पुढचा टप्पा डिकार्बोक्सिलेशनचा. ब्युटाइल मॅलोनिक आम्ल वेगळं करून, सुकवून 150 ते 180 अंशांपर्यंत तापवा. फेस चांगलाच वर येतो, म्हणून फ्लास्क अर्ध्याहून जास्त भरू नका. बाहेर येणारा वायू चुन्याच्या निवळीतून सोडा. ती दुधाळ होते, आणि ताज्या निवळीत बुडबुडे येणं बंद झालं की काम संपलं.

दोन कार्बोक्झिल गटांपैकी एकच का जातो, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. एका गटाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या कार्बोनिल ऑक्सिजनकडे वळतो, सहा अणूंचं कडं जुळतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निसटतो. मागे राहणारा इनॉल लगेच आम्लाचं रूप घेतो. उरलेल्या गटाशेजारी आता तसा कार्बोनिलच नाही, त्यामुळे तेवढ्या उष्णतेला तो ढिम्म हलत नाही. ब्युटाइलचे चार आणि मॅलोनेटचे दोन, असे सहा कार्बन. 0.1 मोलला जास्तीत जास्त 11.6 ग्रॅम मिळू शकतं.

व्हॅलप्रोइक आम्लही असंच बनतं का?

हो, मॅलोनेटवर दोन प्रोपाइल गट लावून. अपस्मारावरच्या या औषधाच्या रेणूत आम्लगटालगतच्या कार्बनवर ते दोन्ही गट दिसतात. इथे डायॲल्किलेशनच हवं असतं, पण अडचण वेगळी येते. दोन गटांची गर्दी झाल्याने दुसरी पायरी मंद चालते, आणि हायड्रॉलिसिसही एक ईस्टर फोडून रेंगाळतं. तीव्र आम्लारी आणि जास्त वेळ द्यावा लागतो. घाई केलीत तर अर्धवट फुटलेला अर्ध-ईस्टर तापवताना कार्बन डायऑक्साइड सोडून एथिल व्हॅलप्रोएट होतो.

टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड लावता येईल का?

नाही. इथॉक्साइड त्यातून हायड्रोजन ब्रोमाइड काढून घेतं आणि आयसोब्युटिलीन उडून जातं. सेकंडरी ब्रोमाइडबाबतही हे काही प्रमाणात होतंच. टर्शरी ब्युटाइलच हवा असेल तर ॲसिटोन आणि मॅलोनेटपासून आयसोप्रोपिलिडीन मॅलोनेट करा, मग तांब्याच्या क्षारासोबत मिथाइल ग्रिन्यार त्याच्या दुहेरी बंधावर जोडा.