वेळापत्रक उभं वाचायचं असतं

प्रश्न: आमच्या संध्याकाळच्या साक्षरता वर्गातल्या बायकांना आता वाचता येतं, आकडेही येतात. पण लोकलचं वेळापत्रक समोर ठेवलं की गोंधळतात. मध्ये गाडी बदलायची असेल तर कुणीतरी सोबत लागतंच. कसं शिकवू?

ताई, मी कल्याणला असाच वर्ग घेतो. माझाही पहिला महिना वाया गेला, कारण अडचण वाचण्याची आहे असंच धरून चाललो होतो. आपण त्यांना डावीकडून उजवीकडे वाचायला शिकवलेलं असतं आणि त्या वेळापत्रकही तसंच वाचतात. "कल्याण ८:१६, ८:२६, ८:३३" ही त्यांना एकाच गाडीची गोष्ट वाटते. लोकलच्या तक्त्यात स्टेशनं एकाखाली एक असतात आणि एक उभा रकाना म्हणजे एक गाडी. हे नुसतं सांगून डोक्यात बसत नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात एका रकान्याएवढी उभी फट कापा आणि तो पुठ्ठा तक्त्यावर सरकवायला द्या. फटीतून एकच गाडी दिसते आणि बोट आपोआप वरून खाली जातं.

पुढे रिकामे चौकोन येतात. एका मावशींनी मला विचारलं होतं, "इथं छापायचं राहिलंय का?" रिकामा चौकोन म्हणजे गाडी तिथे थांबत नाही, हे आपल्याला इतकं सवयीचं असतं की सांगायचंच राहून जातं. कल्याणहून ठाण्याकडे जाणाऱ्या फास्टच्या रकान्यात ठाकुर्ली, कोपर, मुंब्रा, कळवा रिकामे दिसतात. स्लो आणि फास्ट शेजारी ठेवून फरक त्यांनाच शोधू द्या.

गाडी बदलण्यासाठी मी नेहमी कल्याण ते वाशी घेतो, ठाण्याला बदलून. यात एक खरी मेख आहे. ठाण्याहून नवी मुंबईकडे निघणारी प्रत्येक गाडी वाशीला जात नाही. तुर्भ्यापर्यंत मार्ग एकच. पुढे वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, तर पनवेलची जुईनगर-नेरुळकडे. म्हणजे पनवेलच्या रकान्यात वाशीचा चौकोन रिकामा.

आता उदाहरण. वेळा मी वर्गापुरत्या धरल्या आहेत, खऱ्या तक्त्यातल्या नाहीत. वाशीच्या दवाखान्यात १० वाजता नंबर आहे. बायका लगेच घरापासून सुरुवात करतात: "आठला निघू." मी पेन काढून घेतो आणि शेवटाकडून विचारतो. स्टेशनहून दवाखान्यापर्यंत वीस मिनिटं, थोडा श्वास, म्हणजे वाशीला ९:३५ पर्यंत उतरायला हवं. बोट वाशीच्या ओळीवर ठेवायचं, ९:३५ च्या आतली सर्वांत उशिराची वेळ शोधायची: ९:३३. त्याच रकान्यात वर गेलं की ठाणे ९:०४. त्याआधी ८:५८ ची गाडी दिसते, पण ती पनवेलची. घाईत सगळ्या तीच धरतात, तेव्हा मी काही न बोलता फटीचा पुठ्ठा पुढे करतो.

मग ठाण्यातला बदल. मेन लाइनच्या फलाटावरून पूल चढून नऊ-दहा नंबरला जायचं, सकाळची गर्दी. मी पंधरा मिनिटं धरतो. म्हणजे ठाण्याला ८:४९ च्या आत पोहोचायचं. कल्याणहून स्लो ८:१६ ला सुटून ८:४४ ला पोहोचते, फास्ट ८:२६ ला सुटून ८:४७ ला. कागदावर दोन्ही चालतात आणि सगळ्यांचा ओढा फास्टकडे. इथे विचारा, "दोन्ही दहा मिनिटं उशिरा आल्या तर?" फास्ट ८:५७ ला येईल आणि पुलासाठी सातच मिनिटं उरतील. स्लोला दहा उरतात, तेही कमीच, पण धावत गाठता येतं. नंतरची वाशी ९:१६ ची, ती ९:४५ ला पोहोचते. म्हणजे दवाखाना जेमतेम, तोही रिक्षा मिळाली तर. ही "चुकली तर पुढची" वेळही कार्डावर लिहायला लावा. माझ्या वर्गातल्या बायका एकट्या जायला तयार झाल्या त्या या ओळीनंतर.

कार्डावर चारच ओळी ठेवतो: कुठून किती वाजता, कुठे बदल, कोणत्या नावाची गाडी, चुकली तर कोणती. गाडीचं नाव म्हणजे शेवटचं स्टेशन, कारण इंडिकेटरवर तेच येतं. तिथे भाषा आलटून पालटून येते, तेव्हा मराठी नाव दिसेपर्यंत थांबायचं हेही सांगावं लागतं.

परतीचं वेगळ्या दिवशी घ्या. परतीचा तक्ता निराळा असतो आणि स्टेशनांचा क्रम उलटा. एकाच दिवशी दोन्ही दिले तर त्या जायच्याच तक्त्यात खालून वर वाचत परत येतात.

शेवटी एकदा खरंच घेऊन जा, रविवारी नको. रविवारच्या वेळा वेगळ्या असतात आणि बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो. मी दुपारी नेतो आणि मागे बसतो. गेल्या खेपेला दोघी पनवेलच्या गाडीत चढल्या. मी गप्प राहिलो. कोपरखैरणे गेल्यावर एकीने कार्ड काढलं, डब्यातल्या पाटीवरचं नाव पाहिलं आणि दुसरीला म्हणाली, "अगं, ऊठ, तुर्भ्याला उतरू. वाशीची मागून येईल."